हॅशला चावी नसते

गेल्या वर्षी एका संस्थेच्या बैठकीला तांत्रिक सल्लागार म्हणून बसलो होतो. सभासदांची यादी एका जाहिरात कंपनीला द्यायची, म्हणजे त्या सभासदांना मोबाईलवर नेमक्या जाहिराती दाखवता येतील, असा ठराव होता. एका ज्येष्ठ सभासद बाईंनी विचारलं, "आमचे मोबाईल नंबर बाहेर जाणार, त्याची परवानगी कुणी घेतली?" त्यावर संगणक विभागाचे प्रमुख म्हणाले, "ताई, नंबर जातच नाहीत. हॅश करून जातात. सगळं एन्क्रिप्टेड आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हरकत घेतली, पण पुढचे विषय खोळंबले होते. ठराव मंजूर झाला.

प्रमुखांचं उत्तर खोटेपणाचं नव्हतं. त्यांना तसंच वाटत होतं, आणि या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या अनेकांनाही तसंच वाटतं. पण बाईंचा प्रश्न बरोबर होता आणि त्यांना मिळालेलं उत्तर चुकीचं होतं. हॅशिंग म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. या दोन शब्दांची सरमिसळ आता फक्त अभियंत्यांपुरती राहिलेली नाही. ती करारांत आहे, ग्राहकांना जाणाऱ्या पत्रांत आहे, आणि तिच्या आधारावर लोकांची माहिती हातोहात फिरते आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो.

सगळा फरक चावीत आहे. एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप. मजकूर आणि चावी एकत्र केली की न वाचता येणारा मजकूर तयार होतो, आणि योग्य चावी ज्याच्याकडे आहे त्याला मूळ मजकूर अक्षर न् अक्षर परत मिळतो. परत मिळणं हाच त्याचा हेतू. हॅशिंगमध्ये चावीच नसते. दोन अक्षरं द्या किंवा दोन तासांचा व्हिडिओ द्या, एसएचए-२५६ नावाची रीत त्यातून ठरलेल्या लांबीचा एक ठसा काढते, तोच हॅश. `abc` या तीन अक्षरांचा ठसा जगातल्या कुठल्याही संगणकावर हाच येतो:

```
ba7816bf8f01cfea414140de5dae2223b00361a396177a9cb410ff61f20015ad
```

या ठशावरून मागे `abc` पर्यंत नेणारं गणित नाही. दोन तासांच्या व्हिडिओचा ठसाही एवढाच असतो, तेव्हा त्यातून व्हिडिओ परत काढणं तर संभवतच नाही. इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात. गफलत पुढे होते. 'मागे जाता येत नाही' याचा अर्थ 'मूळ कळत नाही' असा लावला जातो, आणि या दोन गोष्टी एक नाहीत.

अंगठ्याचा ठसा डोळ्यांपुढे आणा. नुसत्या ठशावरून माणसाचा चेहरा काढता येत नाही. पण गावात चारशेच माणसं असतील, तर प्रत्येकाचा अंगठा घेऊन ताडून पाहायला दुपारही लागणार नाही. ठशातून माणूस काढायची गरजच पडत नाही, माणसांतून ठसा काढला की झालं. हॅशला चावी नसल्यामुळे हा उद्योग कुणीही करू शकतो. त्यासाठी चोरी करावी लागत नाही की कुणाची परवानगी लागत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की गावात माणसं किती.

न्यूयॉर्क शहरात २०१४ साली हे अगदी उघड्यावर घडलं. तिथल्या टॅक्सी आयोगाकडे प्रत्येक फेरीची नोंद असते: कुठून, कुठे, किती वाजता, भाडं किती, बक्षिशी किती. क्रिस व्हाँग यांनी माहितीच्या कायद्याखाली २०१३ सालच्या नोंदी मागितल्या आणि आयोगाने सुमारे १७ कोटी फेऱ्यांचा तपशील दिला. टॅक्सीचा परवाना क्रमांक आणि चालकाचा क्रमांक उघड होऊ नये म्हणून त्या दोन्हींच्या जागी एमडी५ या जुन्या रीतीने काढलेले हॅश ठेवले होते. दिसायला ते बत्तीस अक्षरांचं निरर्थक जंजाळ, त्यामुळे काम झालं असं आयोगाला वाटलं असणार.

लोकांनी ती माहिती चाळायला घेतली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की एक चालक माणसाला शक्यच नाहीत इतक्या फेऱ्या मारतो आहे. त्याच्या नावापुढे हे होतं:

```
cfcd208495d565ef66e7dff9f98764da
```

हा `0` या एका अक्षराचा एमडी५ हॅश आहे. जिथे चालकाचा क्रमांक नोंदलाच गेला नव्हता तिथे शून्य पडलं होतं आणि त्या शून्याचाही इमानेइतबारे हॅश काढला गेला होता. विजय पांडुरंगन या अभियंत्याने हे पाहिलं आणि पुढचं पाऊल ओळखलं. न्यूयॉर्कच्या टॅक्सी क्रमांकांचे साचे ठरलेले आहेत, अंक आणि अक्षरं कुठे येतात ते ठाऊक आहे. चालकांचे क्रमांकही सहा किंवा सात आकडी. सगळे मिळून संभाव्य क्रमांक भरतात सुमारे २ कोटी ४० लाख. त्या सगळ्यांचे हॅश काढायला त्याच्या संगणकाला दोन मिनिटं लागली, आणि दोन तासांच्या आत अख्ख्या वर्षाच्या फेऱ्यांवरचे खरे क्रमांक समोर होते. मग लोकांनी पुढचंही करून पाहिलं. टॅक्सीत बसताना छायाचित्रकारांनी टिपलेल्या प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंत टॅक्सीचा क्रमांक दिसत होता. तो नोंदींशी जुळवला तेव्हा ती व्यक्ती कुठे उतरली आणि बक्षिशी किती दिली हे कळलं.

एमडी५ जुनी, कमकुवत रीत आहे म्हणून हे झालं, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. एसएचए-२५६ वापरलं असतं तर दोन मिनिटांऐवजी थोडी जास्त मिनिटं लागली असती, इतकंच. रीत कमजोर नव्हती, गाव लहान होतं.

आता भारतातला मोबाईल नंबर घेऊ. दहा आकडे, पहिला सहा ते नऊ. म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी नंबर. प्रत्यक्षात वापरात असलेले त्याहून खूप कमी, आणि कंपन्यांना नेमून दिलेले क्रमांकांचे टप्पेही उघड माहीत असतात, पण आपण ४०० कोटीच धरू. बैठकीत ज्या हॅशला 'एन्क्रिप्टेड' म्हटलं गेलं, त्यातून नंबर काढायला एवढं पुरतं:

```python
import hashlib
for n in range(6000000000, 10000000000):
    if hashlib.sha256(str(n).encode()).hexdigest() == target:
        print(n)
        break
```

`target` च्या जागी अवतरणचिन्हांत हॅश टाकायचा आणि चालवायचं. साध्या लॅपटॉपवर, सगळ्यात संथ पद्धतीने लिहिलेला हा प्रोग्राम सगळी यादी एक-दोन तासांत संपवतो. गेम खेळायला घेतात तसलं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं, म्हणजे काही सेकंदांचा खेळ. शिवाय एकदा ४०० कोटी हॅशची यादी करून ठेवली की नंतर हिशेबही करायला नको, नुसतं शोधायचं. नंबरापुढे `91` किंवा `+91` लावून हॅश काढला तर ठसा पूर्ण बदलतो हे खरं, पण असे प्रकार तीन-चारच असतात. कंपन्यांना तर त्यातला एकच वापरावा लागतो, कारण दोन्ही बाजूंनी एकसारखा लिहिलेला नंबर असल्याशिवाय जुळणी होत नाही. गूगल आणि मेटा यांच्या जाहिरातदारांसाठीच्या सूचनांमध्ये नंबर कसा लिहायचा आणि एसएचए-२५६ कसं काढायचं हे सविस्तर दिलेलं आहे.

'जुळणी' या शब्दाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. संस्था नंबर हॅश करून का पाठवते? समोरच्या कंपनीकडे आधीपासून कोट्यवधी नंबर आहेत. तीही त्यांचे हॅश काढते. दोन्हीकडचे हॅश सारखे आले की कंपनीला कळतं, हा माणूस या संस्थेचा सभासद आहे. म्हणजे ज्याला माहिती द्यायची आहे त्याने माणूस ओळखावा यासाठीच हा हॅश पाठवला जातो. ओळख पटवण्यासाठी पाठवलेल्या गोष्टीला 'ओळख लपवलेली माहिती' म्हणणं हे शब्दांशी केलेलं अन्यायाचं वागणं आहे. ज्यांचे नंबर समोरच्याकडे नाहीत त्यांचं काय, असं विचारलं जातं. त्यांच्यासाठी वरच्या पाच ओळी आहेतच.

अमेरिकेत ग्राहकांच्या हिताकडे पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०२४ मध्ये हे स्वच्छ सांगितलं, की हॅश केल्याने माहिती निनावी होत नाही, आणि कंपन्यांनी तसा दावा करू नये. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वैयक्तिक माहितीची व्याख्या अशी आहे, की जिच्यामुळे किंवा जिच्या संदर्भाने व्यक्ती ओळखता येते ती माहिती. ही व्याख्या सरळ वाचली तर हॅश केलेला मोबाईल नंबर तिच्यात बसतो, आणि बाईंचा परवानगीचा प्रश्न तसाच उभा राहतो. पण कायदा वाचणाऱ्यांनी हॅशकडे कुलूप म्हणून पाहिलं तर ही पळवाट वर्षानुवर्षं उघडी राहील. म्हणून माझी मागणी आहे, की यादी हॅश करून देणं आणि यादी उघडी देणं यांत परवानगीच्या बाबतीत काडीचाही फरक मानला जाऊ नये.

मग हॅश केलाच कशाला, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर द्यायला एक आपल्या घरातलंच उदाहरण आहे. आधारच्या संकेतस्थळावरून ऑफलाइन ई-केवायसीची फाइल उतरवता येते. ही एकच फाइल हॅश आणि एन्क्रिप्शन यांची कामं शेजारी शेजारी दाखवते, आणि मी शिकाऊ मुलांना समजावताना तीच उघडतो. फाइल झिपमध्ये बंद असते आणि ती उघडायला आपण निवडलेला शेअर कोड लागतो. हे एन्क्रिप्शन, शेअर कोड ही चावी. ज्याला ओळख दाखवायची त्याला फाइल आणि कोड द्यायचा, त्याच्याकडे नाव, पत्ता, फोटो जसाच्या तसा उघडतो. आत मोबाईल नंबर मात्र उघडा नसतो, `m` या नावाखाली त्याचा हॅश असतो. आधार प्राधिकरणाने दिलेली रीत अशी:

```
Sha256(Sha256(Mobile+ShareCode)) * आधारचा शेवटचा अंक
```

इथे `*` म्हणजे गुणाकार नव्हे, एकूण तितक्या वेळा हॅशवर हॅश काढायचा. शेवटचा अंक शून्य किंवा एक असेल तर एकदाच. फाइल घेणारा तुम्हाला विचारतो, "नंबर काय?" तुम्ही सांगता. तो त्याच रीतीने हॅश काढतो आणि फाइलमधल्या `m` शी ताडून पाहतो. जुळला तर तुम्ही सांगितलेला नंबर आधारला जोडलेलाच आहे. हॅशचं हे अस्सल काम, पडताळणी. सांगितलेलं खरं आहे का, एवढंच विचारायचं.

तो नंबर फाइल घेणाऱ्यापासून लपून राहतो का? नाही. शेअर कोड त्याला दिलाच आहे, कारण त्याशिवाय झिप उघडत नाही. आधारचे शेवटचे चार अंक फाइलच्या संदर्भ क्रमांकात असतात, म्हणजे शेवटचा अंकही कळला. राहिला नंबर, तो ४०० कोटींपैकी एक. फार तर प्रत्येक नंबराला नऊ वेळा हॅश काढावा लागेल. या रचनेला मी दोष देत नाही, पडताळणीसाठी ती ठीक आहे आणि शेअर कोड मिसळल्याने दोन वेगळ्या फाइलींमधला एकाच माणसाचा हॅश सारखा दिसत नाही, हा मोठा फायदा आहे. पण 'फाइलमध्ये नंबर नाही, फक्त हॅश आहे' एवढ्यावरून ती फाइल निर्धास्तपणे साठवून ठेवणाऱ्या दुकानदाराने किंवा लॉजवाल्याने हे समजून घेतलं पाहिजे, की कोडसकट ठेवलेली फाइल म्हणजे नंबरसकट ठेवलेली फाइल.

आधार क्रमांकाचंही तेच. बारा आकडे, पहिला शून्य किंवा एक नसतो, शेवटचा पडताळणीचा असल्याने आधीच्या अकरांवरून ठरतो. उरतात ८,००० कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं, पण चांगल्या ग्राफिक्स कार्डाला मिनिटभराचं काम. म्हणून आधार क्रमांकाचा नुसता हॅश काढून तो सगळीकडे ओळखक्रमांक म्हणून वापरणं हे आधार क्रमांक सगळीकडे वापरण्यासारखंच आहे. प्राधिकरणाने हे ओळखलेलं होतं. २०१७ साली आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांना त्यांनी वेगळी 'आधार डेटा व्हॉल्ट' ठेवायला सांगितली. त्या तिजोरीत क्रमांक एन्क्रिप्ट करून ठेवायचे, चाव्या वेगळ्या सुरक्षित यंत्रात ठेवायच्या, आणि बाकी सगळ्या कामकाजात एक संदर्भ क्रमांक वापरायचा, ज्यावरून मूळ क्रमांक हिशेबाने काढता येणार नाही. या संदर्भ क्रमांकासाठी यूयूआयडी वापरावा असं त्यांनी सुचवलं. यूयूआयडी हा यादृच्छिक क्रमांक, त्याचा आधार क्रमांकाशी गणिती संबंधच नसतो. संबंध फक्त तिजोरीतल्या नोंदवहीत. बँकेला अनुदान जमा करताना मूळ क्रमांक परत लागतो, तेव्हा तिथे हॅश चालणारच नाही. परत लागतो तिथे एन्क्रिप्शन, आणि बाहेर वावरायला असा बिनसंबंधाचा क्रमांक. न्यूयॉर्कच्या आयोगानेही प्रत्येक टॅक्सीला एक यादृच्छिक क्रमांक देऊन ती नोंदवही आपल्याकडे ठेवली असती, तर पांडुरंगनना करण्यासारखं काही उरलं नसतं.

आता उलटी चूक. जिथे हॅश हवा तिथे एन्क्रिप्शन वापरलं तर? पासवर्ड हे त्याचं ठिकाण. तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा संस्थेला एवढंच तपासायचं असतं, की हा तोच आहे का. मूळ पासवर्ड तिला कधीच परत लागत नाही. मग उघडता येणाऱ्या कुलुपात तो ठेवायचा कशाला? उघडता येणारं कुलूप म्हणजे चावी कुणाकडे तरी आहे, आणि ज्याच्याकडे ती आहे तो कोट्यवधी लोकांचे पासवर्ड वाचू शकतो.

२०१३ साली अडोबी कंपनीतून सुमारे १५ कोटी नोंदींची फाइल चोरीला गेली. त्यात पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, ट्रिपल डेस या रीतीने, सगळ्यांना एकच चावी. ती चावी बाहेर आल्याचं कधी दिसलं नाही. तरीही लाखो पासवर्ड वाचले गेले, आणि तेही कुलूप न फोडता. एकच चावी आणि प्रत्येक आठ अक्षरांचा तुकडा स्वतंत्रपणे बंद करण्याची पद्धत, त्यामुळे ज्यांचे पासवर्ड सारखे त्यांच्या बंद पासवर्डांची अक्षरंही सारखी. शिवाय आठवणीसाठी लिहिलेल्या खुणा शेजारीच उघड्या मजकुरात होत्या. समजा हजारो लोकांचा बंद पासवर्ड एकच आहे. त्यातल्या कुणी खूण लिहिली आहे 'एक ते सहा', कुणी 'आकडे ओळीने'. मग पासवर्ड `123456` आहे हे कळायला गणित लागत नाही, आणि एकाचा कळला की त्या हजारोंचा कळला. हा पासवर्ड खरोखरच सुमारे १९ लाख खात्यांवर होता.

याच्या आदल्या वर्षी लिंक्डइनमधून पासवर्डांचे हॅश बाहेर आले होते. तिथे हॅश होते, म्हणजे जात बरोबर निवडली होती, तरी बहुतेक पासवर्ड फुटले. कारण साधा एसएचए-१ वापरला होता आणि त्यात काही मिसळलं नव्हतं. लोकांचे पासवर्ड हे पुन्हा लहान गावच. `password` या शब्दाचा एमडी५ हॅश पाहा:

```
5f4dcc3b5aa765d61d8327deb882cf99
```

हा इंटरनेटवर शोधला तर उत्तर तिथल्या तिथे मिळतं, कारण कुणीतरी आधीच काढून ठेवलं आहे. म्हणून पासवर्डासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात. प्रत्येक पासवर्डात हॅश काढण्याआधी वेगळी यादृच्छिक अक्षरं मिसळायची. त्याला सॉल्ट म्हणतात. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे येतात आणि आधी करून ठेवलेल्या याद्या निरुपयोगी होतात. सॉल्ट ही चावी नव्हे, ती हॅशशेजारी उघडी साठवलेली असते. दुसरं म्हणजे बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ यांसारखी मुद्दाम संथ केलेली रीत वापरायची. तुम्हाला लॉगिन करताना सेकंदाचा एखादा अंश जास्त लागतो आणि ते जाणवतही नाही. अब्जावधी अंदाज करून पाहणाऱ्याला मात्र तोच अंश परवडत नाही.

आपला पासवर्ड कसा ठेवला आहे हे बाहेरून कळायची एक खूण आहे. 'पासवर्ड विसरलात?' वर दाबल्यावर ईमेलमध्ये तुमचा जुनाच पासवर्ड आला, तर तो हॅश केलेला नाही हे नक्की. उघडा ठेवलाय किंवा उघडता येणाऱ्या कुलुपात ठेवलाय. हॅश असता तर संस्थेलाही तो सांगता आला नसता आणि नवा ठेवायचा दुवा आला असता. अशी ईमेल आली तर त्या पासवर्डाचा दुसरीकडे कुठेही वापर असेल तो त्याच दिवशी बदलावा. आणि चोरीनंतर संस्था जेव्हा कळवते की 'तुमचे पासवर्ड एन्क्रिप्टेड होते', तेव्हा विचारायला हवं: एन्क्रिप्ट केले होते की हॅश? हॅश असतील तर कुठल्या रीतीने, सॉल्ट घालून की न घालता? पहिलं उत्तर असेल तर चावी कुठे होती? या उत्तरांवर तुम्ही आज रात्री घाबरायचं की महिन्याने सावकाश पासवर्ड बदलायचा हे ठरतं. तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे प्रश्न सक्तीने विचारावेत आणि उत्तरं ग्राहकाला कळवायला लावावीत.

हॅशचं सर्वांत सुंदर काम मात्र आता आपल्या न्यायालयांत आलं आहे, आणि तिथेही हा चावीचा प्रश्न समजला नाही तर नुकसान होणार आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यायचं, त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीत आहे आणि त्यात फाइलचा हॅश आणि तो कुठल्या रीतीने काढला हे लिहायचं असतं. एखाद्या चित्रफितीतला एक ठिपका जरी बदलला तरी तिचा हॅश ओळखू न येण्याइतका बदलतो. म्हणून जप्तीच्या दिवशी काढलेला आणि सुनावणीच्या दिवशी काढलेला हॅश सारखा असेल, तर मधल्या काळात फाइलला हात लागलेला नाही हे कुणावरही विश्वास न ठेवता तपासता येतं. इथे गाव लहान नाही, अख्खी चित्रफीत कुणी अंदाजाने बनवू शकत नाही. आणि चावी नसणं इथे गुण आहे, कारण आरोपीचा वकीलही तोच हॅश स्वतःच्या संगणकावर काढून पाहू शकतो.

व्यवहारात चुका कुठे होतात तेही सांगतो. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेली चित्रफीत वाटेत आकुंचित केली जाते, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या फोनमधल्या फाइलचा आणि घेणाऱ्याकडे पोचलेल्या फाइलचा हॅश जुळत नाही. तक्रारदाराने पुढे पाठवलेल्या प्रतीचा हॅश प्रमाणपत्रात लिहिला आणि फोन नंतर तपासायला गेला, की पुरावा खोटा नसूनही संशयात येतो. मूळ फोनमधल्या फाइलचाच हॅश काढायला हवा, आणि पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. नमुन्यात एसएचए-२५६ बरोबर एमडी५ आणि एसएचए-१ हे पर्यायही आहेत. एमडी५ मध्ये दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश येतो हे २००४ साली दाखवलं गेलं, एसएचए-१ मध्ये तशा दोन पीडीएफ फाइली फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने जाहीर केल्या. पर्याय असताना जुन्या रीतीवर खूण करू नये.

पण याहून मोठी गोष्ट अशी, की हॅश ही सही नव्हे. फाइल बदलणारा माणूस बदललेल्या फाइलचा नवा हॅश एका क्षणात काढू शकतो, कारण त्यालाही चावी लागत नाही. आधारच्या फाइलवर प्राधिकरणाची डिजिटल सही असते, ती करायला फक्त प्राधिकरणाकडे असलेली गुप्त चावी लागते, म्हणून तिथे अशी लबाडी चालत नाही. जप्त केलेल्या फोनच्या बाबतीत मात्र फाइल, हॅश आणि हॅशची नोंद हे सगळं एकाच ठाण्यात, एकाच हाताखाली राहिलं, तर ते जुळणं काहीच सिद्ध करत नाही. हॅशची ताकद तो दुसऱ्याच्या हातात असण्यात आहे. म्हणून जप्तीच्या वेळी, पंचांच्या समोर, तिथल्या तिथे एसएचए-२५६ काढावा, तो पंचनाम्यात हाताने लिहावा, आणि चौसष्ट अक्षरांच्या त्या ओळीची सही केलेली प्रत ज्याचा फोन घेतला त्याच्या हातात त्याच क्षणी द्यावी.